गल्ला सोडून सगळीकडे कॅमेरे

मालक, हॉटेलात पैसे कमी पडतायत असा संशय आला की चोरी नेमकी कुठे होते, याचा विचार करत बसू नका. सरळ आठ कॅमेऱ्यांचा सेट मागवा. बसवणारा पोरगा शिडीवर चढून विचारेल, "मालक, ह्यात काय बघायचंय?" त्याला ठणकावून सांगा, "सगळं!" तो बिचारा मग चारी कोपऱ्यांत चार कॅमेरे ठोकतो आणि उरलेले जिथे वायर पोचेल तिथे लावतो.

गल्ल्यावरचा कॅमेरा समोरच्या भिंतीवर उंच हवा. त्यात काउंटरवरच्या पोराचा चेहरा, मागे सिद्धरामेश्वरांचा फोटो, हार, अगरबत्ती असं प्रसन्न दृश्य येतं. पैशाचा ड्रॉवर काउंटरच्या आड राहतो, पण चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो, असं तुम्हीच म्हणता ना?

जुळे सोलापुरातल्या एका मालकांना हे पटलं नाही. त्यांनी चारच कॅमेरे घेतले. पहिला गल्ल्याच्या बरोबर वर, छताला. त्यात उघडा ड्रॉवर, नोटा मोजणारे हात आणि बिलिंगचा स्क्रीन एका चौकटीत येतो, चेहरा जवळपास येतच नाही. दुसरा मागच्या दारावर, मटण आणि भाजी उतरवून घेतात तिथे, वजनकाट्याचा आकडा वाचता येईल इतका जवळ. तिसरा कोठीच्या दारावर आणि चौथा मुख्य दारावर. गल्ल्याच्या चौकटीत कार्ड मशिनची बटणं दिसतात म्हणून ते मशिन त्यांनी दोन हात बाजूला सरकवलं. गिऱ्हाइकाचा पिन आपल्याकडे साठू नये म्हणे! भटारखान्यात तर कॅमेराच नाही. वाफ आणि फोडणीचा तेलकट थर बसून आठवड्यात काच आंधळी होते, आणि माल जायचा तो कोठीच्या दारातूनच जातो, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही मात्र तुमच्या पद्धतीने चोर पकडा. कसा, ते सांगतो. समजा, बिलिंगमध्ये रात्री ९ वाजून ४७ मिनिटांनी १,२४० रुपयांचं बिल रद्द झालेलं दिसलं. प्रकार जुनाच आहे: गिऱ्हाईक रोख देऊन निघून जातं, छापलेलं बिल टेबलावरच राहतं, मग ते बिल रद्द होतं आणि पैसे खिशात जातात. कधी खरंच चुकीच्या टेबलावर ऑर्डर टाकलेली असते, म्हणूनही बिल रद्द होतं. दोन्हींतला फरक भटारखान्यात गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरून, म्हणजे केओटीवरून कळतो. मटणाच्या थाळ्या, कडक भाकरी खरोखर वाढल्या गेल्या असतील आणि त्याच टेबलाचं दुसरं बिल निघालं नसेल, तर शंकेला जागा आहे. पण केओटीची चळत कोण चाळणार? तुम्ही थेट डीव्हीआरवर ९:४७ लावा. एक वेटर गल्ल्यापाशी उभा राहून खिशात नोट घालतोय! सापडला की नाही?

आता कोणी सांगेल, डीव्हीआरचं घड्याळ ११ मिनिटं मागे आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेला क्षण खरा ९:५८ चा, आणि तो वेटर आपली टीप खिशात घालत होता. बिल रद्द झालं तो क्षण डीव्हीआरवर ९:३६ ला सापडेल, आणि तेव्हा गल्ल्यावर तुमचा विश्वासू कॅशियर एकटाच होता. हे तपासायला मोबाइलचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून पडद्यावरच्या वेळेशी ताडून बघावं लागतं. अर्धं मिनिट लागतं, पण तेवढा वेळ कुणाकडे आहे? त्या वेटरच्या पगारातून १,२४० कापा. कापण्याआधी त्याला म्हणणं मांडू द्यावं असं वेतनाचा कायदा सांगतो, पण त्याने म्हणणं मांडलं तर घड्याळाचा विषय निघायचा.

डिस्क १ टीबीची पुरे. दोन मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे सर्वसाधारण सेटिंगवर दिवसाला १७० जीबीच्या आसपास भरतात, म्हणजे पाच-सहा दिवसांनी जुनं पुसून नवं चढायला लागतं. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करा म्हटलं, तर जेवणाच्या वेळी हॉटेलात हालचाल थांबते कधी? तुमचा कोठीचा हिशेब महिन्याच्या शेवटी लागतो. तेलाचे दोन डबे कमी आहेत हे ३० तारखेला कळतं, तोवर ते डबे घेऊन जाणारा माणूस डिस्कवरून केव्हाच पुसला गेलेला असतो. जुळे सोलापूरवाले चार कॅमेऱ्यांना ४ टीबीची डिस्क लावून दीड महिना राखतात आणि कोठी दर सोमवारी मोजतात. हौस असते एकेकाला.

वाचलेले कॅमेरे तुम्ही पोरं कपडे बदलतात त्या खोलीत लावा. चोरी तिथेच लपवतात ना! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये माणसाच्या खासगी अंगाचं त्याच्या संमतीविना चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण तो मजकूर बारीक अक्षरात असतो. सामान लपवायची भीती असेल तर खोलीच्या बाहेर लॉकर ठेवून त्यांच्यावर कॅमेरा लावता येतो. पण त्यात दरारा नाही.

फॅमिली रूमला पडदा लावायचा आणि पडद्याच्या आत डोम कॅमेरा बसवायचा, ही आपली खास पाहुणचाराची रीत. विजापूर रोडवरून लेकराबाळांना घेऊन आलेली बाई पिल्लाला पाजता पाजता वर बघते आणि नवऱ्याला म्हणते, "उठा, पार्सल घेऊ." तुम्ही मोबाइलवर हे थेट बघतच असता, तेव्हा फोन करून कॅप्टनला झापा: टेबल सहा उठलं कसं? आवाजही रेकॉर्ड होऊ द्या. गिऱ्हाईक सोयरिकीचं काय बोलतं ते मालकाला कळायला नको का? आणि एखादी गमतीची क्लिप सापडलीच, तर हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहू द्या, म्हणजे तुम्ही झोपल्यावरही कुणीतरी बघत राहील.

राहिलं धोरण. दारावर "आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" एवढा बोर्ड पुरे. तिकडे जुळे सोलापुरात पानभर मजकूर आहे, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही, कारण त्यांची निम्मी पोरं घरी तेच बोलतात. कॅमेरे कुठे आहेत, कशासाठी आहेत, फुटेज किती दिवस राहतं, कोण बघतं, हे त्यात लिहिलंय. आवाज बंद. फुटेज बघायचं तर वहीत तारीख, वेळ, कारण आणि दोन सह्या. ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी ते दाखवायचं, मग बोलायचं. पोलिसांत जायची वेळ आली तर मूळ डिस्कला हात न लावता प्रत काढायची. आणि शेवटचं कलम: गल्ल्यातून कुणीही पैसे काढले तर चिठ्ठी.

पहिल्याच आठवड्यात चिठ्ठीविना तीनदा ड्रॉवरमध्ये हात गेलेला दिसला. चेहरा नाही, पण तिन्ही वेळा अनामिकेत पोवळ्याची जाडजूड अंगठी. वहीवर सही करायला बसलेल्या कॅशियरने मालकांच्या बोटाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

तुमच्या धोरणाच्या शेवटी "मालक, मेहुणे व भाचे वगळून" अशी ओळ न विसरता टाकून घ्या.