रिकामं मशीन फुकट नसतं, त्याला फक्त मुदत असते

"मशीन रिकामंच उभं आहे, माणसं पगारावर आहेतच. मग नवीन ऑर्डरला फक्त मटेरियल, टूल आणि लाईट धरायचं, बाकी सगळं फुकट. त्याच्या वर मिळेल तो प्रत्येक रुपया निव्वळ नफा."

हा हिशोब इतक्या ठिकाणी फिरतोय की गेल्या वर्षी भोसरीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांनी मला तो जसाच्या तसा ऐकवला. मी कॉस्टिंगची कामं करतो, त्यांनी बोलावलं होतं एक कोटेशन बघायला. तिथलेच आकडे घेऊन सांगतो, थोडे गोल केलेत म्हणजे डोक्यात राहतील.

युनिटमध्ये 3 व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीनं, आणि दोन शिफ्ट. सेटिंग, बिघाड, जेवण वगैरे जाऊन महिन्याला हाताशी येतात साधारण 1,050 तास, त्यातले 800 जुन्या कामात जातात, 250 रिकामे. नवीन ऑर्डर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटची, महिन्याला 1,000 नग, नगाला 12 मिनिटं, म्हणजे 200 तास. भाव 240 रुपये, त्यातून मटेरियल, टूल, लाईट, पॅकिंग मिळून 140 गेले की नगामागे 100 उरतात. महिन्याला 1 लाख, वर्षाला 12 लाख. करार 3 वर्षांचा, भाव फिक्स. मालक खूश.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो, कारण याच्या उलट चूक करणारे पण भरपूर भेटतात. त्यांच्या अकाउंटंटने मशीनचा तासाचा दर काढला होता 650 रुपये, म्हणजे शेडचं भाडं, घसारा, सुपरवायझरचा पगार सगळं वाटून. 200 तासांचे झाले 1 लाख 30 हजार, मिळणार 1 लाख, म्हणून त्याचं म्हणणं ऑर्डर सोडा. हे चूक आहे. ऑर्डर घेतली काय न घेतली काय, भाडं तेवढंच जाणार, मशीनचे पैसे तर कधीच देऊन झालेत. या निर्णयाने जो खर्च बदलत नाही तो या ऑर्डरच्या माथी मारायचा नाही. इथपर्यंत फुकटवाले बरोबर आहेत.

गडबड पुढे होते. 'पैसे नव्याने द्यावे लागत नाहीत' आणि 'काही किंमत नाही' या दोन गोष्टी एक नाहीत.

मशीनचं घ्या. आज 250 तास रिकामे आहेत हे खरं, पण मी मालकांना विचारलं की जुनं काम किती वाढतंय, तर म्हणाले दरवर्षी दहा टक्के तरी. मग कागदावर लिहूनच काढलं: आज 800, वर्षाने 880, दोन वर्षांनी 968, तीन वर्षांनी 1,065. म्हणजे ही ऑर्डर न घेता चौथं व्हीएमसी लागेल तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. आणि ऑर्डर घेतली तर जुन्या कामाला उरतात 850 तास, ते सात-आठ महिन्यांतच संपतात, म्हणजे पहिलं वर्ष सरताना मशीन बुक करावंच लागतं. जे मशीन घ्यायचंच होतं ते 2 वर्षं आधी घ्यावं लागलं, आणि रिकाम्या तासांची किंमत म्हणतात ती हीच.

आता ती मोजू. व्हीएमसी 40 लाखाला येतं, आणि मालकांना पैसा 12 टक्क्यांनी पडतो. आजची किंमत म्हणजे आज किती बाजूला ठेवले तर 12 टक्क्यांनी वाढून तेवढे होतील. वर्षाने द्यायच्या 40 लाखांची ती होते 35.7 लाख, तीन वर्षांनी द्यायच्या 40 लाखांची 28.5 लाख. फरक 7.2 लाख. नुसतं मशीन येऊन चालत नाही, त्यावर दोन शिफ्टला दोन ऑपरेटर पण 2 वर्षं आधी भरावे लागणार, एकेक 22 हजार धरला तर दोन वर्षांचे मिळून आजच्या किमतीत 8 लाख. एकूण 15.2 लाख. (मशीन 2 वर्षं आधी म्हातारं होतं ते मी धरलेलं नाही, आणि नव्या मशीनवर उरलेले तास विकता आले तर आकडा थोडा खालीही येईल.)

इथे मालकांचा मुलगा म्हणाला, "काका, मशीन कशाला, जादाचं काम जॉबवर्कला बाहेर टाकू." प्रश्न एकदम बरोबर होता. रिकाम्या तासांची किंमत म्हणजे ते संपल्यावर जो सगळ्यात स्वस्त मार्ग उरतो त्याची किंमत. बाहेर टाका, तिसरी शिफ्ट चालवा, कमी पैसे देणारं एखादं जुनं काम सोडा, नाहीतर मशीन घ्या, यातलं जे स्वस्त पडेल ते धरायचं. आम्ही बाहेरच्या दराने करून बघितलं तर साधारण निम्म्यात भागत होतं. पण जुन्या आणि नव्या, दोन्ही गिऱ्हाइकांची अट होती की लेखी परवानगीशिवाय पार्ट दुसऱ्या शॉपमध्ये जाणार नाही, आणि तिसऱ्या शिफ्टला त्यांच्याकडे माणूस टिकत नाही हे तेच दोन वर्षं रडत होते. म्हणून 15.2 लाखच राहिले.

तीन वर्षांच्या 12-12 लाखांची आजची किंमत 28.8 लाख. त्यातून 15.2 गेले, उरले 13.6. म्हणजे ऑर्डर अजून फायद्याची आहे, पण फुकट म्हणून जी दिसत होती तिच्या निम्मीसुद्धा नाही.

आता माणसं. इथे लोक पगाराच्या पाटीवर अडकतात. एकजण म्हणतो पगार देतोच आहोत म्हणून शून्य, दुसरा म्हणतो पगार भागिले तास करा आणि लावा. दोघंही चुकीच्या आकड्याकडे बघतायत, पगार हा मुद्दाच नाहीये. त्या माणसाने हे केलं नसतं तर त्या वेळात काय केलं असतं आणि त्यातून दुकानाला काय मिळालं असतं, हे विचारायचं.

ऑपरेटरच्या बाबतीत उत्तर खरंच शून्याच्या जवळ होतं, मशीन बंद असताना ते डिबरिंग करत बसायचे नाहीतर झाडलोट. त्यांचा वेळ फुकट धरला, वाद नाही.

पण शॉपमध्ये सेटर एकच. प्रोग्राम तोच करतो, फिक्श्चर तोच लावतो, पहिला पीस तोच पास करतो, आणि वायरकट, म्हणजे वीज सोडलेल्या बारीक तारेने धातू कापणारं मशीन, त्याचे प्रोग्रामही त्याच्याकडेच. मालक म्हणे, "अहो, तो तर दुपारी चहाच्या टपरीवर असतो." असेल. मी दुसरीकडे बघितलं. सेटरच्या टेबलामागे एक लोखंडी रॅक आहे, त्यावर वायरकटला जायचे डायचे तुकडे पडलेले, प्रत्येकावर खडूने आल्याची तारीख. सगळ्यात वरचा होता 11 दिवसांपूर्वीचा. वायरकट मशीन मात्र त्या वेळी बंद होतं, प्रोग्राम नाही म्हणून. मशीन रिकामं आणि काम वाट बघतंय, मग अडलंय कुठे हे सांगायला अकाउंटंट लागत नाही. कोण बिझी दिसतं त्यावर जाऊ नका, काम कोणाच्या टेबलावर साठतंय ते बघा, आणि जॉब कार्डावरच्या आल्या-गेल्याच्या तारखा लावून एकदा खात्री करा.

मग आठवडाभर सेटरलाच वहीत लिहायला लावलं, कुठल्या जॉबला किती वेळ. (पहिले दोन दिवस त्याने सगळ्यापुढे 'एक तास' असंच लिहिलं, होतं तसं.) वायरकटच्या रिपेअर कामात मटेरियल गिऱ्हाइकाचं, वायर आणि लाईट काढली की सेटरच्या एका तासामागे सुमारे 1,500 रुपये सुटत होते. नवीन ब्रॅकेटला टूल ऑफसेट, लॉट बदलला की सेटिंग, पहिल्या पीसचा रिपोर्ट मिळून महिन्याला 25 तास त्याचे जाणार. 25 गुणिले 1,500, म्हणजे 37,500 महिन्याला, वर्षाला साडेचार लाख. त्याचा पगार तासाला 200 सुद्धा पडत नाही. म्हणजे पगाराने मोजलं असतं तर खरी किंमत सातपट कमी दिसली असती, आणि 'देतोच आहोत' म्हणून सोडली असती तर दिसलीच नसती.

हे वायरकटचं काम व्हीएमसीवर होत नाही, त्यामुळे ते गेल्याने व्हीएमसीचे तास सुटत नाहीत. ते तपासून घेतलं, नाहीतर एकच नुकसान दोनदा मोजलं जातं आणि चांगली ऑर्डर उगाच वाईट दिसते.

तीन वर्षांचे साडेचार-साडेचार लाख आजच्या किमतीत 10.8 लाख. 13.6 मधून ते गेले की उरतात 2.8 लाख, तीन वर्षांसाठी. एखादा लॉट रिजेक्ट झाला तरी संपले. ओव्हरटाइमने भागवता येईल का हेही बघितलं, कारण 25 तासांचा दुप्पट दराने हिशोब दहा हजारांच्या आत बसतो. पण हा माणूस आधीच रात्री नऊपर्यंत थांबत होता, त्याच्यावर अजून महिन्याचे 25 तास टाकले तर तो दुसरीकडे जाईल, हे मालकांना माझ्याआधी कळलं.

आता 'वरचा प्रत्येक रुपया नफा' हे कधी खरं असतं? जुनं काम वाढत नसेल किंवा घटत असेल, नाहीतर नवीन काम रिकामे तास संपायच्या आत बंद करता येत असेल, आणि ज्याच्याकडे काम साठतं अशा माणसाला ते शिवत नसेल, तर घ्या बिनधास्त मटेरियल-टूल-लाईटवर. याच ऑर्डरचे पहिले सात-आठ महिने बघा, मशीनच्या बाजूने ते खरोखर फुकट होते. महाग पडत होतं ते तीन वर्षांचं बंधन.

म्हणून भावावर घासाघीस न करता आम्ही दोन गोष्टी बदलल्या. 240 चा भाव फक्त एका वर्षापुरता दिला, पुढचा भाव नव्याने ठरेल आणि दोघांपैकी कोणीही 3 महिन्यांच्या नोटिशीवर थांबू शकेल असं लिहून घेतलं. गिऱ्हाइकाने थोडं तोंड वाकडं केलं पण मानलं, कारण त्यालाही डिझाइन बदलायचं होतंच. दुसरं, आयटीआय झालेला एक पोरगा सेटरच्या हाताखाली 20 हजारांवर घेतला, ऑफसेट आणि पीस रिपोर्ट त्याच्याकडे. 37,500 च्या जागी 20 हजार गेले, आणि तेही या ऑर्डरच्या खात्यावर, उघड.

दहाव्या महिन्यात गेलो होतो भाव नव्याने लावायला. मालकांनी 268 मागितलेत, बोलणी चालू आहेत. रॅकवर सगळ्यात जुनी तारीख 3 दिवसांपूर्वीची होती.