‘हर्बल आहे हो, काही होत नाही’

आज कोथरूडच्या एका पार्लरमध्ये बाई एका मुलीला ठामपणे सांगत होत्या, ‘कोंडाच आहे गं, आमचा हर्बल शाम्पू ने, केमिकल नाही त्यात.’ मुलीचा भांग लालभडक, कानामागे सोललेलं. मी मध्ये तोंड घातलं. घालणारच. हे घरात भोगलंय.

माझ्या लेकीला लहानपणापासून इसब, कोपराच्या नि गुडघ्याच्या घडीत. कॉलेजात डोकं लाल होऊन खाजायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की जुनंच दुखणं डोक्यात गेलं. स्टिरॉइडचं लोशन लावलं की बरं, थांबवलं की पुन्हा सुरू. शेवटी ज्या स्किनच्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी डोकं कमी आणि मान जास्त बघितली. शाम्पूचा फेस जिथून ओघळतो तिथेच लाली होती: केसांच्या कडेला, कानामागे, मानेवर, पापण्यांवर. डोक्याची कातडी जाड, बरंच सोसते. पापणीची पातळ, ती लगेच बोलते.

आणि शाम्पूतल्या सुगंधाची ही ॲलर्जी उशिरा उठते हो! लेक रविवारी न्हायची आणि खाज सोमवारी रात्री, कधी मंगळवारी. मग शाम्पूवर संशय येणार कुणाला? मेसच्या वांग्यांवर आला.

पॅच टेस्ट केली. पाठीवर ॲलर्जी देऊ शकणाऱ्या पदार्थांच्या टिकल्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, ९६ तासांच्या सुमारास पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही, आणि हे ऐन मे महिन्यात, त्यामुळे घरात रोज भांडण. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची टिकली होती तिथे लाल, खरखरीत चट्टा उठला.

आता तुमचं ते ‘नैसर्गिक’. लव्हेंडर, संत्र्याच्या सालीचं तेल यांत लिनालूल, लिमोनीन ही वासाची द्रव्यं असतात. हवा लागून ती बदलतात आणि मग जास्तच ॲलर्जी देतात. फुलातून आलं म्हणून कातडी सूट देत नाही. ‘अनसेंटेड’वरही जाऊ नका, त्यात मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं हवं, आणि तरी मागची यादी वाचायचीच.

शाम्पू बदलून लेक बरी होत होती, तेवढ्यात दिवाळी आली. आजीने हौसेने सुगंधी तेल, उटणं लावलं. दोन दिवसांनी मान पेटली. आजीचा चेहरा एवढासा झाला. तिला काय बोलणार? प्रेमाने लावलं होतं बिचारीने.

बरं, मान्य, प्रत्येक खाज सुगंधाची नसते. तेलकट, पिवळसर पापुद्रे असतील तर बहुधा कोंडाच. लेकीचं मूळचं इसबही गेलेलं नाही, थंडीत डोकं वर काढतंच. पण लोशन थांबवलं की दर वेळी परत येत असेल, तर आधी बाटलीची मागची बाजू वाचा आणि पॅच टेस्टचं विचारा.

एवढं लिहूनही खाली कुणीतरी ‘लिंबू चोळा’ म्हणणारच. म्हणा. आधी स्वतःच्या सोललेल्या कातडीवर चोळून बघा.