"ताई, असलं कपाट थोडं हलणारच"

हलणारच?? का हलणार? कर्वेनगरला पाच वर्षं उभं होतं ते कपाट, वर दोन सूटकेसा, गाद्या, सासूबाईंची पितळी भांडी, एवढं सगळं डोक्यावर घेऊन, तेव्हा नाही हललं. शिफ्टिंगमध्ये वाकडला आलं, तुमच्या पॅकर्स-मूव्हर्स कंपनीच्या "एक्स्पर्ट कारपेंटर"ने जोडलं आणि आज सकाळी मी नुसता दरवाजा उघडला तर उजवी बाजू अख्खी बाहेर कलली, आतून टक्क असा आवाज आला आणि खाली भुसा. पिवळा, बारीक. ज्याने पार्टिकल बोर्डाचं फर्निचर आयुष्यात एकदा तरी हलवलंय त्याला हा भुसा बघून काय होतं ते मी सांगायला नको.

फोन केला तर म्हणे "ताई, मशीनने फुल टाइट केलंय".

तेच तर. मशीनने! मी समोर उभी राहून सांगत होते, दादा, मिनीफिक्स हाताने पिळा, हाताने. हो ताई, हो ताई म्हणाला आणि घुर्रर्र. मिनीफिक्स म्हणजे फळीला फळी जोडणारं ते गोल लॉक, त्याला मशीन लावायचंच नसतं हो. अर्धा फेरा फिरतं ते सगळं मिळून, फार तर किंचित जास्त. समोरच्या फळीत पिळलेल्या पिनचं डोकं त्याच्या आतल्या वळणात अडकतं, फिरवत गेलं की ओढलं जातं आणि फळीला फळी चिकटते, की झालं काम. हाताला घट्ट लागलं की थांबायचं. त्यापुढे जोर लावला तर एक तर जस्ताच्या त्या मऊ लॉकची फुली खाल्ली जाते, नाहीतर लॉक घट्टपणाच्या टोकावरून पलीकडे जाऊन परत सैल होतं, आणि तिसरं म्हणजे आमच्याकडे झालं ते, पिनच समोरच्या फळीतून आट्यांसकट उपटून येते.

आणि एवढंच असतं तर मी ओरडले नसते. (घरचे म्हणतील ओरडलीच असती. असो.)

कपाट रिकामं करून आडवं केलं, म्हणजे मी आणि नवऱ्याने, सगळे कपडे पलंगावर, आणि खालचा उजवा सांधा उघडला. तिथे दोन लॉक, एक पुढे एक मागे. मागचं लॉक घट्ट, पण त्याची पिन हातात आली, टोकाला बोर्डाचा चुरा. पुढचं लॉक मात्र गरगर फिरतंय, कितीही फिरवा, कशालाच अडत नाही. म्हटलं हे काय, फुटलं का? नाही, लॉक ठणठणीत. पिन आखूड! स्टडी टेबलाची पिन कपाटाला लावलीय!! टेबलाच्या लॉकचा मध्य फळीच्या कडेपासून 24 मिलिमीटरवर, कपाटाचा 34 वर, त्यामुळे पिनांची लांबी वेगळी. काढताना मी दोन वेगळ्या पिशव्या दिल्या होत्या, वर मार्करने नाव लिहून, आणि यांनी टेम्पोत एकाच पिशवीत ओतल्या. आखूड पिनचं डोकं लॉकपर्यंत पोचतच नाही, मग ते पकडणार कशाला? म्हणजे अख्खा सांधा मागच्या एका पिनवर, वरून मशीनचा जोर, मग ती उपटून येणार नाही तर काय करेल बिचारी.

मग लांब पिना गेल्या कुठे? टेबलात. तिथे पिन दहा मिलिमीटर जास्त आत घुसते, लॉकच्या पलीकडे जाऊन टेकते आणि फळ्यांमध्ये सेंटीमीटरभर फट राहते. ती फट दिसली तर माणूस थांबून विचार करेल ना? यांनी हातोडी मारली. लॅमिनेटवर चंद्रकोर उमटलीय, नवऱ्याला दिसत नाही म्हणे, मला दारातून दिसते.

बरं, लाकडी खुंट्यांसारखे डॉवेल कुठे आहेत, ते 8 मिलिमीटरचे, बोटाच्या दोन पेरांएवढे? "ताई, ते एक्स्ट्रा होते, राहिले." एक्स्ट्रा! अरे वजन तेच घेतात. लॉकचं काम फक्त फळ्या एकमेकींकडे ओढून धरायचं, वरचा भार आणि फळी जागेवरून घसरू न देणं हे डॉवेलचं काम. ते काढले की सगळं वजन त्या बारीकशा पिनवर आडवं येतं, पिनचं भोक रोज थोडं थोडं मोठं होत जातं आणि एक दिवस टक्क. जुन्या घरमालकाने भिंतीतल्या चार खिळ्यांपायी डिपॉझिटमधून पैसे कापले होते, त्या हिशोबाने मी यांच्याकडून प्रत्येक डॉवेलचे किती कापायला हवेत? वर सोसायटीने लिफ्ट वापरायचे वेगळे घेतले ते निराळेच, आणि लिफ्टमध्ये कपाटाच्या फळ्या मावत नव्हत्या म्हणून आणल्या जिन्यानेच.

तर शेजारचे काका आले. हात मागे बांधून पाच मिनिटं बघितलं आणि "सागवानी असतं तर ही वेळ आली नसती". धन्यवाद काका. पुढे त्यांचा सल्ला, भोकात काड्यापेटीच्या काड्या कोंबा. रिकाम्या ड्रॉवरच्या हँडलला चालतील हो काड्या, कपाटाच्या तळाला नाही. आणि नुसता फेविकॉल भरून त्यात पिन पिळायची हे त्याहून वाईट, कारण तो पातळ पांढरा गम मोठी पोकळी भरून काढत नाही, वाळून आक्रसतो आणि पिन परत निघते.

शेवटी बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे एक बरं, मोडका तुकडा नुसता काउंटरवर ठेवला तरी माणूस न बोलता डबा काढतो. 34 च्या पिना मिळाल्या, 8 चे डॉवेल मिळाले आणि 10 चे पण घेतले. 10 चे कशाला, तर उपटलेलं भोक भरायला. पुष्कळ जण त्याला 8 चाच डॉवेल ठोकतात, पण पिनसाठी त्यात परत 5 चं भोक पाडायचं असतं, म्हणजे चहूबाजूंनी लाकूड उरलं जेमतेम दीड मिलिमीटर, ते चिरतं. 10 चा घेतला की अडीच उरतं, आणि भोवतालचा सैल झालेला चुराही ड्रिलमध्येच निघून जातो.

नवरा म्हणाला सुतार बोलवू. म्हटलं एक सुतार येऊन गेलाय आत्ताच.

फळी आडवी टाकली, 10 च्या बिटाला टोकापासून 13 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, कारण फळी 18 ची आहे आणि चिकटपट्टी नसेल तर बिट बाहेरच्या बाजूने लॅमिनेट फोडून हाय म्हणतं. भोक पाडायच्या आधी डाव्या फळीवर मापं घेतली, पुढच्या कडेपासून किती, खालून किती, कारण एकदा जुनं भोक मोठं केलं की त्याचा मध्य कुठे होता ते कोणी सांगू शकत नाही. मग भोक पाडलं, आतला चुरा अगदी सगळा झटकून काढला, चुऱ्यावर गम धरत नाही, तो चुऱ्यालाच धरतो. आतल्या भिंतीला गम, डॉवेलला गम, हलकेच ठोकून बसवला, वर उरलेला फळीच्या सपाटीला कापला. आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हा भाग मला सगळ्यात जड. मी तासाला जाऊन बोटाने बघत होते, वाळला का, आणि मनातल्या मनात त्या कारपेंटरशी भांडत होते, त्यात मी फारच छान बोलते.

वाळल्यावर मध्यावर टोच्याने खूण, आधी बारीक बिट, मग 5 चं. मशीन काटकोनात धरा, पिन तिरकी गेली तर डोकं लॉकच्या तोंडात येत नाही. पिन हाताने पिळली, कॉलर फळीला टेकेपर्यंत, एक आटा बाहेर नाही आणि टेकल्यावर वर जोरही नाही. बाकीच्या चांगल्या भोकांत पिना परत घालताना आधी उलट्या फिरवल्या, हाताला बारीकसा टक लागतो, तेव्हा पिन जुन्या आट्यांत उतरलेली असते, मग सुलट. सरळ दाबून पिळली की ती नवे आटे कापते आणि पार्टिकल बोर्डाला तेवढा जीव नसतो.

जोडताना आधी लॉकचा बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे तोंड उघडं, मग डॉवेल, मग फळी बसवून सगळी लॉकं नुसती अर्धवट घट्ट. पूर्ण नाही! आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरक्या मापांनी टेप लावायची. आमच्याकडे पहिल्यांदा 9 मिलिमीटरचा फरक, म्हणजे कपाट तिरपं, आणि म्हणूनच दरवाजे वर टेकत होते, ज्यासाठी त्या महाशयांनी बिजागऱ्यांचे स्क्रू पिळून ठेवलेत. लांब कर्ण आहे त्या कोपऱ्याला दाबत दाबत फरक 2 वर आणला आणि तिथल्या तिथे पाठीचा पातळ पत्रा, म्हणजे ते हार्डबोर्ड, लावला. लोकांना वाटतं पाठ धूळ अडवायला असते. कपाट डावीकडे-उजवीकडे डुलू न देणारी एकमेव गोष्ट ती आहे, लॉक डुलणं थांबवत नाहीत, कितीही आवळा. यांनी तिला पाच खिळे मारले होते, पाच, त्यातले दोन हवेत. मी चारही बाजूंनी हातभर नाही, वीतभर अंतराने स्क्रू मारले आणि मग लॉकं हाताने शेवटची आवळली.

उभं केलं, ढकललं, हललं नाही. नवऱ्यानेही ढकललं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही म्हणे, सहज.

मागचा डावा कोपरा मात्र गेलाच आहे, तो जुलैतल्या आधीच्या शिफ्टिंगला टेम्पोत भिजून फुगलाय. फुगलेल्या बोर्डात ना गम धरतो ना डॉवेल, तिथे आतून लोखंडी एल अँगल लावून आरपार बोल्ट टाकलाय, दिसायला घाण आहे, दिसू दे, सासूबाईंची पितळी भांडी तिथे समोर ठेवलीत.

आत्ता त्या कंपनीचा मेसेज आलाय. "आमच्या सेवेला किती स्टार द्याल?" टेबलाच्या फटीचा फोटो पाठवलाय, शेजारी स्केल ठेवून, म्हणजे मिलिमीटर नीट वाचता येतील.