घडी दिसत नाही म्हणून विंग सोडू नका

"मोबाईल डोळ्यासमोर धरून क्लोजअप काढा. पापणीवरची घडी दिसली नाही तर तुमचे डोळे हुडेड. हुडेड डोळ्यांना विंग, म्हणजे कोपऱ्याबाहेर वर वळवलेलं लायनरचं टोक, शोभत नाही. त्यांनी जाड लायनर लावावं, डोळे मोठे दिसतात."

सांगली-मिरजेत नवरीचा मेकअप करते, त्यामुळे लग्नसराईत हा मेसेज मुली मला हमखास दाखवतात आणि सोबत स्वतःचा क्लोजअपही पाठवतात. त्या क्लोजअपवरून काहीच ठरवता येत नाही.

पुढचा कॅमेरा वीतभर अंतरावर आला की चेहऱ्याचा जवळचा भाग फुगतो आणि डोळ्याचे बाहेरचे कोपरे मागे सरकल्यासारखे दिसतात. त्यातून सेल्फी घेताना हात उंच जातो आणि नजरही वर जाते. नजर वर गेली की वरची पापणी आत ओढली जाते, दिसणारी पट्टी अरुंद होते. हनुवटी उचलून खाली पाहिलं तर तीच पट्टी रुंद होते, आणि भुवया उंचावल्या तर झाकलेली घडीसुद्धा उघडी पडते. फोटो कसा काढला यावर डोळ्याचा प्रकार बदलत असेल तर तो फोटो काय कामाचा?

घरातल्या कुणाला तरी तीन-साडेतीन फुटांवर उभं करा. मागचा कॅमेरा, थोडा झूम, लेन्स डोळ्यांच्या बरोबर उंचीवर. तोंड खिडकीकडे असू द्या, कारण छतावरच्या दिव्याने भुवईच्या हाडाची सावली पापणीवर पडते. चेहरा धुतलेला, भुवया सैल, नजर सरळ लेन्समध्ये.

आता घडीचं. ती न दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. भुवईखालची त्वचा बोटाने हलकेच वर उचला. खाली घडी सापडली तर डोळा हुडेड. घडी आहे, पण वरच्या त्वचेने झाकली आहे. तिथे घडीच नसेल तर तो मोनोलिड, आणि त्याचं लायनर वेगळ्या पद्धतीने लावावं लागतं. डोळे खोल असतील तर पुढे आलेल्या हाडाच्या सावलीत घडी हरवते. बाजूने पाहिलं की ते लगेच कळतं. पापणी अलीकडेच खाली आली असेल किंवा बुबुळाच्या मधल्या काळ्या भागावर उतरत असेल, तर मात्र आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जाड रेघेचा सल्ला तर उलटाच आहे. हुडेड डोळा उघडा असताना पापणीची जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पट्टी दिसते. तेवढीच जाड रेघ ओढली की पट्टी संपली. उरतो काळा पट्टा आणि त्यावर टेकलेली त्वचा. डोळा लहान दिसतो, शिवाय लायनर वर उमटतं.

मिरजेच्या एका नवरीने असंच "ताई, मला विंग नको" म्हणून सांगितलं होतं. नीट फोटो काढल्यावर दिसलं की तिची त्वचा पापणीच्या फक्त बाहेरच्या एक-तृतीयांश भागात उतरते, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. आतला भाग मोकळा होता. तिथे रंग वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांत भरला आणि रेघ केसासारखी बारीक ठेवली. मग तिला आरशात सरळ बघायला लावलं. डोळा उघडा असतानाच, खालच्या पापणीची कड वर वाढवली तर जिथे जाईल त्या दिशेने टोकाची खूण केली आणि ते टोक मूळ रेघेला जोडलं. डोळा मिटवून किंवा कातडी ताणून काढलेली विंग डोळा उघडताच घडीत मोडते, आणि मग दोष विंगवर येतो.

घडी जिथे रेघेला आडवी येते तिथे छोटी खाच ठेवून रंग भरला की उघड्या डोळ्यात रेघ सरळ दिसते. पण मिटलेल्या डोळ्यात ती खाच दिसतेच. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटामागे नवरीची नजर खाली असते आणि फोटोग्राफर नेमका तेव्हाच जवळून फोटो घेतो. म्हणून तिची खाच अगदी उथळ ठेवली आणि विंग लहान, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. मुंडावळ्या कानशिलावर रुळतात, त्यामुळे लांब टोक तसंही त्यांच्यात हरवलं असतं.

सुरुवात जड, म्हणजे त्वचेने जास्त झाकलेल्या डोळ्यापासून करायची आणि हलका डोळा त्याला जुळवायचा. हलका आधी रंगवला तर जड डोळ्यावर तेवढी जागाच मिळत नाही. वॉटरप्रूफ लायनर वापरा, पण आधी पापणीवरचं तेल टिपून पावडर लावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात तेल-घामापुढे वॉटरप्रूफही टिकत नाही. रंग वाळेपर्यंत नजर खाली ठेवायची, मग डोळे दहा-बारा वेळा उघडझाप करून भुवईखाली पाहायचं. तिथे काळा ठसा उमटला असेल तर मेकअप रिमूव्हर लावलेल्या इअरबडने तो पुसा आणि त्याच्या बरोबर खालची रेघ बारीक करा. बाकीच्या रेघेला हात लावायची गरज नाही.