पट्टे एकमेकांवर चढले म्हणून टेस्ट पडत नाही

“ए/बी टेस्टचा निकाल बघायला गणित लागत नाही. चार्टवर ए आणि बी चे कॉन्फिडन्स इंटरव्हलचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतील तर फरक शून्य, बदल काढून टाका. सुटे झाले की बी जिंकला. तेवढा धीर नसेल तर बी चा ठिपका ए च्या पट्ट्याबाहेर गेला तरी चालतं. रोज बघा, ज्या दिवशी सुटतील त्या दिवशी टेस्ट बंद करा.”

नाशिकच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांतून फिरत हे ज्ञान माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचलं आणि तो चांगलाच वाटणारा बदल वेबसाइटवरून उतरवायला निघाला. म्हणून हा खटाटोप. ए/बी टेस्ट म्हणजे पानाची जुनी आवृत्ती ए आणि नवी आवृत्ती बी वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणती जास्त चालते ते बघणं. कॉन्फिडन्स इंटरव्हलचा पट्टा म्हणजे मोजलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना, नशिबाची चूक धरून, सोडलेली जागा.

सगळ्यात घातक आहे ते पहिलंच वाक्य. समजा, चिवडा विकणारी एक साइट आहे. ए मध्ये डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर दिसतो, बी मध्ये चिवड्याच्या किमतीशेजारीच. दोन्हीकडे १०,००० लोक आले. ए ला ४०० ऑर्डर, म्हणजे ४.०%. बी ला ४६०, म्हणजे ४.६%. ९५ टक्क्यांचे पट्टे काढले तर ए चा ३.६२ ते ४.३८ आणि बी चा ४.१९ ते ५.०१. मधला तुकडा सामाईक आहे, म्हणजे या नियमाने बी कचऱ्यात.

पण आपला प्रश्न ए किती आणि बी किती हा नाहीच. दोघांतला फरक किती, हा आहे. त्या फरकाला स्वतःचा स्टँडर्ड एरर असतो, म्हणजे नशिबाने तो साधारण किती हलतो त्याचं माप, आणि तो शीटमध्ये एका ओळीत निघतो:

```
=SQRT(0.04*0.96/10000 + 0.046*0.954/10000)
```

उत्तर येतं ०.००२८७, म्हणजे ०.२८७%. ९५ टक्क्यांच्या पट्ट्यासाठी त्याला १.९६ ने गुणलं की ०.५६. म्हणजे ०.६० चा फरक, आणि त्याचा पट्टा ०.०४ ते १.१६. शून्य त्याच्या बाहेर आहे, पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०३६ च्या आसपास. बी पुढे आहे, असं म्हणायला आधार आहे. किती पुढे, ते मात्र अजून धूसर आहे, कारण खालचं टोक शून्याला जवळजवळ चिकटलंय.

मग डोळा फसतो कुठे? पट्टे सुटे व्हायला हवेत असं म्हणताना आपण दोन्ही बाजूंच्या चुकांची सरळ बेरीज करतो: ०.३८ अधिक ०.४१, म्हणजे ०.७९ चा फरक मागतो. पण ए कडे आलेले लोक वेगळे, बी कडचे वेगळे. एकाचा आकडा नशिबाने वर आणि त्याच वेळी दुसऱ्याचा तेवढाच खाली, असं क्वचित होतं. म्हणून चुका काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारख्या जोडायच्या, वर्ग करून: ३ आणि ४ चे ७ नाही, ५ होतात. इथे ०.५६ पुरतात.

‘सुटे झाले की जिंकला’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. गट स्वतंत्र असतील आणि निकाल ठरलेल्या दिवशी एकदाच बघितला असेल, तर ९५ टक्क्यांचे सुटे पट्टे म्हणजे फरक नक्कीच वरच्या, शून्य पट्ट्याबाहेर असण्याच्या कसोटीला उतरतो. पण उलट बाजू खरी नाही. संख्याशास्त्रज्ञ शेंकर आणि जेंटलमन यांनी २००१ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात हेच मांडलं: पट्टे चढलेत का हे बघण्याची रीत नेहमीच्या कसोटीपेक्षा जास्त कडक पडते आणि खरा फरक जास्त वेळा हुकवते. दोन्ही स्टँडर्ड एरर सारखे असतील तर फरक नसताना ५% वेळा खोटा इशारा देणारी म्हणून मांडलेली कसोटी प्रत्यक्षात साधारण ०.६% ची होते.

‘कडक तर कडक, बिघडलं काय?’ बिघडतं. ४.० वरून ४.६ ची खरी वाढ शंभरातल्या ऐंशी वेळा पकडायची तर दर बाजूला सुमारे १८,००० लोक लागतात. तेवढ्याच लोकांवर पट्ट्यांचा नियम लावला तर ती निम्म्याच वेळा सापडते. ऐंशीवर परत यायचं तर जवळपास ३०,००० लोक आणा.

ठिपक्याची युक्ती तर उलट्या बाजूला घसरते. तिच्यात ए चा पट्टा धरला, पण बी च्या ठिपक्याची चूक शून्य मानली! दोन्ही पानं हुबेहूब सारखी असली तरी शंभरात सोळा-सतरा वेळा ठिपका बाहेर पडणारच, वर किंवा खाली. एकाच निरोपात एक नियम खरा फरक मारतो आणि दुसरा खोटा फरक जन्माला घालतो.

रोज बघून सुटल्या दिवशी थांबण्याबद्दल थोडक्यात: दर नजरेगणिक नशिबाला आणखी एक संधी मिळते, म्हणून ९५% हा आकडा मग ९५ राहत नाही. लोकांची संख्या आधी ठरवा आणि ती भरली की बघा. पट्टेच बघायचे असतील तर चार्टमध्ये ‘बी वजा ए’चा एकच पट्टा मागवा आणि तो शून्याला शिवतोय का एवढं पाहा. ती सोय नसेल तर वरची ओळ शीटमध्ये टाका.