उघड्या डॉलरला मर्यादा का हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

"संचालक मंडळाला लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. रुपया घसरत जातो हा आम्हा निर्यातदारांचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. २०२२ मध्ये ज्यांनी फॉरवर्ड घेतले त्यांनी हातातले पैसे सोडले. बाजार ओळखणारा माणूस हवा, लेखी धोरण नव्हे. आमच्याकडे मालक एका फोनवर ठरवतो. तिथे सह्या आणि टक्केवारी आणून तुम्ही फक्त कागद वाढवताय."
– एक निर्यातदार, इचलकरंजी

नमस्कार. उघड्या, म्हणजे भाव अजून न ठरलेल्या, डॉलरला लेखी मर्यादा असावी, असं मी आमच्या मंडळाला त्या पत्रात सुचवलं होतं. तुम्ही स्वतः डॉलरमध्ये बिलं काढता, म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो.

फॉरवर्ड म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या भावाने बँकेला विकून ठेवणं, यालाच आपण कव्हर म्हणतो. २०२२ चं तुमचं उदाहरण खरं आहे. जानेवारीत डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ८३ ओलांडले. पण २००७ हे सालही आठवा. त्या एका वर्षात डॉलर ४४ च्या आसपासवरून ३९ च्या आसपास आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो ६८ च्या वर होता, जानेवारी २०१८ मध्ये ६४ च्याही खाली. दीर्घ पल्ल्यात रुपया घसरतो हे मान्य, पण आपली बिलं तीन-चार महिन्यांत वसूल होतात आणि पगार, वीजबिल, बँकेचे हप्ते त्याच महिन्यांत द्यावे लागतात. २००७ मध्ये सात टक्के नफ्यावर दर देऊन बसलेल्या कारखान्याला पुढच्या सहा वर्षांच्या घसरणीचा उपयोग नव्हता.

आता पत्रातला हिशोब. आमची कोल्हापूरची फाउंड्री. येत्या बारा महिन्यांत ६० लाख डॉलर येणं अपेक्षित आहे. मात्र ६० लाख हा आमचा धोका नाही. त्यातल्या १२ लाख डॉलरवर आम्ही डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधी मिळणारं निर्यात कर्ज, उचललंय. ते डॉलर उचलले त्याच दिवशी बँकेने रुपयांत बदलून दिले. परदेशी ग्राहकाचे पैसे आले की त्यांतून कर्ज फिटणार, म्हणजे त्या डॉलरचा भाव आधीच ठरलाय. आयातीचं देणं आणखी ६ लाख. उरले ४२ लाख. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी नेमकी इथेच गफलत होते. कर्ज पाहणारा माणूस वेगळा, फॉरवर्ड घेणारा वेगळा, आणि एकाच बिलावर दोन्ही उचललं जातं. कागदावर कव्हर दिसतं, प्रत्यक्षात हातात नसलेले डॉलर विकलेले असतात. म्हणून पत्रातलं पहिलं कलम टक्केवारीचं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत निव्वळ एक्स्पोजरचा, म्हणजे अशी वजाबाकी करून उरलेल्या डॉलरचा, एकच तक्ता तयार व्हावा आणि त्यात नोंद नसलेल्या बिलावर बँकेला फोन जाऊ नये, असं ते कलम आहे.

या ४२ लाखांवर डॉलरमागे एक रुपया हलला की आमचे ४२ लाख रुपये हलतात. तीन रुपयांनी डॉलर उतरला तर सव्वा कोटीच्या वर फटका. आमचा करपूर्व नफा सुमारे चार कोटींचा. मंडळाला मी एकच प्रश्न विचारला : डॉलर तीन रुपयांनी उतरला तर किती नुकसान सोसायची आपली तयारी आहे? ६० लाख रुपये, असं मंडळाचं उत्तर असेल तर ६० लाखांना तीनने भागा. २० लाख डॉलर उघडे ठेवता येतात, त्यापेक्षा जास्त नाहीत. मर्यादा इथून निघते. डॉलर कुठे जाईल याचा अंदाज तिला लागत नाही.

बाकीचं त्याच ओघात येतं. ४२ लाखांपैकी २० लाख पक्क्या ऑर्डरींचे आहेत, त्यांवर ८० ते ९० टक्के कव्हर. उरलेले २२ लाख ग्राहकाने नुसत्या वेळापत्रकात दाखवलेले, त्यांवर ३० ते ५० टक्के. दोन्हीकडे किमान धरलं तरी साडेबावीस लाखांवर कव्हर होतं आणि उघडे डॉलर विसाच्या आत राहतात. तुम्हाला हवा असलेला बाजार ओळखणारा माणूस याच दोन आकड्यांमधल्या जागेत काम करतो. डॉलर चढेल असं त्याला वाटलं तर तो किमानावर थांबेल, उतरेल असं वाटलं तर कमालपर्यंत जाईल. २०२२ सारखं वर्ष आलं तर उघड्या २० लाखांवर चढीचा फायदा पदरात पडतोच.

तुमच्या टीकेत किमान मर्यादेचा राग दिसतो. मला मात्र कमाल मर्यादा जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्याला कारण २००८. त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलर चाळिशीच्या आत होता, वर्ष संपायच्या आधी पन्नाशीला भिडला. बिल शाबूत असतं तर ४१ ला विकून ठेवलेल्या डॉलरवर काही बिघडत नाही. चढीचा फायदा हुकतो, पण किंमत काढताना धरलेला भाव मिळतो. ऑर्डरच रद्द झाली तर? ३ लाख डॉलर ४१ ला विकलेत आणि माल गेलाच नाही, तर ४९ ला विकत घेऊन करार तोडायचा. २४ लाख रुपये खिशातून गेले, समोर आवक शून्य. आणि हे क्वचित घडतं असंही नाही. जगात मंदी आली की ऑर्डरी आटतात आणि त्याच सुमारास रुपयाही पडतो. म्हणून कच्च्या वेळापत्रकावर ५० टक्क्यांच्या पुढे जायचं नाही, हा नियम मी सोडणार नाही.

ऑप्शन विकत घेतला की ठरलेल्या भावाने डॉलर विकायचा हक्क मिळतो, सक्ती नसते; ऑप्शन विकला की जबाबदारी आपल्यावर येते. त्याच काळात 'शून्य खर्चाचे' ऑप्शन विकले गेले. निर्यातदाराला फॉरवर्डपेक्षा थोडा चांगला भाव मिळे, बदल्यात डॉलर ठरावीक पातळीच्या वर गेला तर दुप्पट डॉलर जुन्याच भावाने द्यायची जबाबदारी अंगावर येई. रुपयाशी संबंध नसलेल्या स्विस फ्रँकवरही असे करार झाले आणि प्रकरणं कोर्टात गेली. राजश्री शुगर्स विरुद्ध ॲक्सिस बँक या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये बँकेच्या बाजूने निकाल दिला. करारावर सही केल्यावर 'आम्हाला कळलं नव्हतं' हे फारसं कामी येत नाही. पत्रात म्हणून लिहिलंय : साधे फॉरवर्ड आणि विकत घेतलेले ऑप्शन एवढंच चालेल, ज्यात कंपनी ऑप्शन विकते असा कोणताही करार मंडळाच्या ठरावाशिवाय होणार नाही.

राहिल्या सह्या. २००७ मध्ये नवी मुंबईच्या हेक्सावेअर कंपनीने जाहीर केलं की एका कर्मचाऱ्याने अंतर्गत नियम डावलून परकीय चलनाचे ऑप्शन व्यवहार केले होते. संभाव्य बोजा २ ते २.५ कोटी डॉलरचा होता. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होऊ शकतं, तर एका फोनवर चालणाऱ्या कारखान्यात अडवायला कोण आहे? माझ्या प्रस्तावात २ लाख डॉलरपर्यंत मी आणि एक संचालक, ५ लाखांपर्यंत व्यवस्थापकीय संचालक, त्यापुढे मंडळाची समिती. दिवसाच्या भावावर निर्णय घ्यायला एवढं पुरतं. होकार ईमेलवर चालतो, त्याला दहा मिनिटं लागतात.

रकमेपेक्षा दोन गोष्टींवर माझा जास्त भर आहे. बँकेकडून येणारं कन्फर्मेशन व्यवहार करणाऱ्याकडे न येता थेट लेखा विभागात जावं आणि तिथे तक्त्याशी ताडून पाहावं. आणि करार तोडायलाही घेताना लागल्या तेवढ्याच सह्या लागाव्यात, सोबत ऑर्डर रद्द झाल्याचा ग्राहकाचा कागद. फायद्यात दिसणारा फॉरवर्ड मोडून नफा घेणं आणि पुन्हा चांगल्या भावाची वाट पाहत बसणं, इथून हेजिंगचा, म्हणजे भावाच्या धोक्यापासून घेतलेल्या संरक्षणाचा, सट्टा होतो, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पहिल्यांदा नफाच दिसतो.

तुमच्याकडे मालकच ठरवतात, तर धोरण मालकांच्याच सहीने निघू द्या. फक्त बँकेला द्यायच्या अधिकृत व्यक्तींच्या यादीत कन्फर्मेशन घेणाऱ्याचं नाव फोन करणाऱ्यापेक्षा वेगळं ठेवा. त्याला वेगळा माणूस नेमावा लागत नाही, तुमचे सध्याचे अकाउंटंट पुरतील.