चिरा उभा राहतो, मग मेथड स्टेटमेंट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

गोव्यातल्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्यात, शेजारी जुनं घर असताना बेसमेंटचा खड्डा खणायचा तर आधी मेथड स्टेटमेंट, म्हणजे कामाचा क्रम आणि खबरदारी लिहिलेला कागद, करा असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. गोव्यात चिरा सरळ उभा राहतो, आमच्या आजोबांनी विहिरी खणल्या तेव्हा कुणी टेकू लावले नव्हते. जेसीबीने दोन दिवसांत होणाऱ्या खड्ड्याला तुम्ही कप्पे पाडून महिना लावता. एवढा कागद कन्सल्टंटच्या बिलासाठी असतो."

दादा, विहिरीचं खरं आहे, पण विहीर गोल असते, चहूबाजूंची माती एकमेकींना दाबून धरते, आणि तिच्या काठाला लागून कुणाच्या घराची भिंत नसते. बेसमेंटचा खड्डा चौकोनी, त्याची बाजू लांब आणि सरळ. दुसरं म्हणजे कडक चिरा वरचे काही मीटरच, आणि तो सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. त्याच्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती लागते, सुकी असली की छान उभी राहते आणि भिजली की साबणासारखी बुळबुळीत. म्हणून ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा छोटा खड्डा, शेजारच्या भिंतीजवळच घ्यायचा, त्यात मातीही दिसते आणि शेजारचा पाया किती खोल आहे तेही. जुन्या घराला प्लॅन नसतो, अंदाज चालत नाही.

उदाहरण म्हणून म्हापशातला एखादा प्लॉट धरा. शेजारी चिऱ्याचं, मातीच्या सांध्यांचं जुनं घर, पाया जमिनीखाली ०.९ मीटर. तुमचा खड्डा भिंतीपासून १.२ मीटरवर, खोली ३ मीटर. पायाच्या तळापासून ४५ अंशांत रेघ खाली मारा, ती तुमच्या कडेला २.१ मीटर खोलीवर भेटते. म्हणजे शेवटचे ०.९ मीटर तुम्ही घराचं वजन जिथे उतरतं तिथलीच माती काढताय. ही रेघ मेथड स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर स्केचमध्ये पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून ठरतं.

आता क्रम. मधला भाग जेसीबीने ३ मीटरपर्यंत खणा, तुमचे दोन दिवस इथे लागू देत, पण शेजारच्या बाजूला मातीचा बर्म, म्हणजे न खणलेला आधाराचा पट्टा, सोडा, वर मीटरभर रुंद आणि खाली उतरता. ब्रेकर त्या बाजूला लावायचा नाही, मातीच्या सांध्यांना तो हादरा सोसत नाही. आधी मधला राफ्ट, म्हणजे तळाचा सलग काँक्रीटचा पाया, ओता, म्हणजे टेकू टेकवायला जागा झाली. मग बर्म कप्प्याकप्प्याने काढायचा. बाजू ९.६ मीटर म्हणजे १.२ मीटरचे आठ कप्पे, भिंतीवर पेंटने नंबर टाका. पहिल्या फेरीत १, ४, ७, दुसऱ्या फेरीत २, ५, ८, शेवटी ३ आणि ६. पहिल्या फेरीत दोन उघड्या कप्प्यांमध्ये कायम दोन न खणलेले राहतात, घराचं वजन त्यांच्यावर सरकतं. कप्पा हाताने खणायचा, त्याच दिवशी पीसीसी म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, मग सळ्या, शटरिंग, माती अडवणाऱ्या रिटेनिंग वॉलचा तुकडा ओतायचा आणि राफ्टपासून तिरका टेकू. ठेकेदार म्हणेल १ आणि २ एकत्र घेऊ, शटरिंग वाचेल. इथेच घरं खचतात! पुढची फेरी कधी उघडायची ते काँक्रीटच्या क्यूबचा ताकदीचा रिझल्ट बघून स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करून सांगणार, हे वाक्य स्टेटमेंटमध्ये नसेल तर बाकी पानं बिलासाठीच, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

धोक्यांचा तक्ता शेवटी वेगळा जोडतात तो मुकादम कधीच बघत नाही, म्हणून धोका आणि उपाय त्या त्या पायरीखालीच लिहायचे. माती कुठे टाकायची? खोदकामाच्या सुरक्षेच्या आयएस ३७६४ या मानकाप्रमाणे काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त ते, आणि शेजारच्या बाजूला तर अजिबात नाही. पंपाचं पाणी बघायचं, ते गढूळ येत राहिलं तर शेजारच्या पायाखालची माती तुम्ही पंपाने काढताय, पंप बंद. शेजारचा सोकपिट सीमेला चिकटून आहे का आणि कौलांच्या पागोळ्या नेमक्या काठावर पडतात का, हे आधीच बघून पन्हाळी लावून द्या, खर्च तुमचा. घरातल्या जुन्या भेगांचे फोटो काम सुरू व्हायच्या आधी घरवाल्यांच्या सहीसकट, आणि भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवायच्या. काच तडकली की काम थांबलं, आणि थांबवायचा अधिकार रोज खड्ड्यात असलेल्या सुपरवायझरला पाहिजे, फोनवरच्या साहेबाला विचारत बसायचं नाही.

महिना लागतो तो काँक्रीट पिकण्याचा. म्हणून पावसाआधी मोजा: मेच्या मध्यापर्यंत तिन्ही फेऱ्या संपत नसतील तर शेजारची बाजू उघडूच नका, बर्म तसाच ठेवा, वरून ताडपत्री, काठाला पाणी वळवायला चर, आणि कप्पे पावसानंतर.